डोळे बाजूला ठेवून: ‘कोळंबी’ या कवितेच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

ससून डॉकवरची कविता आज दुसऱ्यांदा वाचली आणि ती अजिबात उभी राहत नाही, हे मान्य केले. चोवीस ओळी आहेत. पेन्सिल घेऊन दिसणाऱ्या गोष्टींच्या शब्दांखाली रेघा मारल्या, तेव्हा एकोणीस ओळींखाली रेघ आली. सुरुवात अशी आहे:

पहाटेच्या निळ्या उजेडात
चांदीसारखी चमकणारी कोळंबी,
हिरव्या लुगड्यांच्या ओळी
आणि मागे डुलणाऱ्या होड्या.

यातले काहीही खोटे नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. १८७५ साली बांधलेल्या या धक्क्याची छायाचित्रे इतक्या लोकांनी इतक्या वेळा काढली आहेत की, निळा उजेड, चंदेरी मासळी आणि रंगीत लुगडी ही तीन चित्रे वाचणाऱ्याजवळ आधीपासूनच असतात. कविता त्याला ती पुन्हा दाखवते आणि तो मान हलवून पुढे जातो. उपमा बदलून पाहिल्या, चांदीऐवजी अभ्रक आणि काच करून पाहिले, पण काहीच हलले नाही.

ठरवले ते असे: महिनाभर या कवितेत पाहण्याचा एकही शब्द लिहायचा नाही. रंग नाही, आकार नाही, उजेड-अंधार नाही. वास, स्पर्श आणि चव एवढ्यावरच दृश्य उभे करायचे. आवाजही बाहेर ठेवते आहे, कारण लिलावाची आरडाओरड आत आली की तीच सगळी जागा व्यापून बसेल.

७ ऑक्टोबर

दुसरा खर्डा घरी बसून, आठवणीवर लिहिला. त्यातल्या चार ओळी:

मासळीचा उग्र वास, डिझेलचा वास,
ओल्या दोरखंडाचा वास, घामाचा वास,
बर्फाचा गारवा
आणि ओठांवर समुद्राची चव.

संध्याकाळी दादरला आमच्या वाचनगटात ही कविता वाचली. गटातल्या ज्येष्ठ ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सगळं पटतंय गं, पण तू कुठे उभी आहेस? हे सगळे वास एकाच वेळी कुणाच्या नाकात जाताहेत?”

हा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. मी डोळ्यांचे शब्द काढले होते, पण डोळ्यांची सवय तशीच ठेवली होती. डोळा लांब उभा राहून एका क्षणात दहा वस्तू टिपतो, म्हणून दिसणाऱ्या वस्तूंची यादी वाचकाला खपते. नाक यादी करत नाही. हाताला तर एका वेळी एकच वस्तू कळते, तीही तो तिच्यापर्यंत पोहोचला तर, आणि जीभ याहून हट्टी आहे, कारण वस्तू तोंडात गेल्याशिवाय ती काही बोलत नाही. दुसऱ्या खर्ड्यात एकही हात काही करत नव्हता आणि एकही तोंड उघडले नव्हते. वस्तूंच्या नावापुढे ‘वास’ हा शब्द लावत मी पुन्हा छायाचित्रच काढले होते.

‘उग्र’ हा शब्दही वाईट आहे. तो वासाबद्दल काही सांगत नाही, नाक मुरडणाऱ्या माणसाबद्दल सांगतो. जिचे आयुष्य त्या वासात गेले आहे, तिला तो उग्र कशाला वाटेल?

१२ ऑक्टोबर

आज सकाळी पाचच्या सुमाराला डॉकवर पोहोचले. आमच्या जुन्या चाळीत राहणाऱ्या मावशी तिथे कोळंबी सोलायला जातात. त्यांना गेल्या आठवड्यात विचारले होते. “बसून बघणार असलीस तर नको येऊस, हात लावणार असलीस तर ये,” एवढीच अट त्यांनी घातली. नऊ वाजेपर्यंत त्यांच्या शेजारी फळीवर बसून सोलत होते. माझ्या हातून पाव टोपलीही झाली नाही, मावशींच्या तेवढ्या वेळात तीन झाल्या.

लक्षात ठेवायच्या गोष्टी आजच लिहून ठेवते.

सोलण्याच्या क्रियेत चार हालचाली आहेत. डाव्या हाताने कोळंबी धरायची आणि उजव्या हाताने डोके पिळून मोडायचे. मग पायांच्या बाजूने अंगठा आत घालून साल उकलायची. शेपटी बोटांनी पकडून उरलेला भाग ओढायचा. शेवटी पाठीवरचा काळा दोरा काढायचा. डोक्यावर करवतीसारखे दात असलेला काटा असतो आणि शेपटीच्या मधोमध दुसरा, सुईसारखा. माझ्या बोटांत दोन्ही घुसले.

पण त्या वेळी मला ते कळले नाही. सगळी कोळंबी बर्फात असते. सुरुवातीची काही मिनिटे बोटे ठणकतात, मग ठणका थांबतो, आणि आपल्याला वाटते की सवय झाली. तसे नसते, बोटे बधिर झालेली असतात. साल खरखरीत आहे की गुळगुळीत, हेही मग नीट कळत नाही. मनगटाला आणि अंगठ्याच्या मुळाला तेवढे कळत राहते, कारण दाब तिथे पोहोचतो. स्पर्शावर कविता लिहायला गेले आणि स्पर्श कसा नाहीसा होतो, ते घेऊन आले.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मावशी हाताकडे बघतच नाहीत. शेजारणीशी बोलतात, समोरच्या पोराला हाक मारतात, चहावाल्याकडे मान वळवतात, आणि हात बर्फात आपले काम करत राहतो. हाताकडे बघत होते ती मी एकटीच, म्हणून सगळ्यांत मागे होते. म्हणजे डोळे वगळण्याचा नियम मी बाहेरून लादला आहे असे समजत होते, तो त्या कामाचाच नियम निघाला. या जागी पाहणारा माणूस नवखा असतो. कविता तिथे बसलेल्या बाईची असेल, तर तिच्यात पाहण्याला फारशी जागा नाहीच.

१३ ऑक्टोबर

वासाबद्दल कालचे राहिले होते.

शेडमध्ये शिरताना वास अंगावर आला. दहा-बारा मिनिटांनी तो मला येईनासा झाला. मध्ये चहासाठी बाहेर गेले आणि परत आत पाऊल टाकले, तेव्हा तो पुन्हा तसाच आला. नाकाचा हा स्वभाव सगळ्यांना माहीत असतो, पण कवितेत आपण तो पाळत नाही. वास एकसारखा राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते आणि बदलला की पुन्हा जागे होते. म्हणून कवितेत वास मधोमध, स्थिर दृश्यात ठेवला तर तो खोटा वाटतो. त्याची जागा उंबऱ्यावर असते. कुणी आत येताना, बाहेर जाताना, डबा उघडताना, घरी परतताना तो यावा. दुसऱ्या खर्ड्यातले चारही वास शेडच्या मध्यभागी होते, जिथे ते कुणालाच येत नसतात.

शिवाय पहाटे आलेला वास मासळीचा नव्हताच. नुकत्याच उतरलेल्या कोळंबीला मिठाचा, ओल्या शेवाळाचा असा फार हलका वास होता. आपण ज्याला हिंवस म्हणतो तो वास नंतर, दिवस चढल्यावर आला. त्याचे कारण साधे आहे. समुद्रातल्या मासळीच्या अंगात एक वास नसलेले द्रव्य असते. मासळी मेल्यावर जंतू त्याचे रूपांतर ट्रायमिथाइल अमाइन नावाच्या द्रव्यात करतात आणि ते हवेत उडून नाकापर्यंत येते. बर्फ हे काम मंद करतो, ऊन वेगाने घडवून आणते. म्हणजे या धक्क्यावर वास घड्याळासारखा चालतो. ‘पहाट’ आणि ‘उजेड’ हे दोन्ही शब्द न वापरता वेळ सांगायची माझी अडचण सुटली. आधी वास नव्हता आणि मग आला, एवढे म्हटले तरी सकाळ सरकते.

घरी येताना बसमध्ये जे झाले ते इथेच लिहिते. गर्दी होती. शेजारी बसलेल्या बाईचा दंड माझ्या दंडाला टेकलेला होता. दोन थांबे गेले आणि तो सुटला. ती आक्रसून खिडकीकडे सरकली होती. मला स्वतःला तोवर काहीच वास येत नव्हता. मावशींच्या वाट्याला हे रोज येत असणार. माझा वास मला दुसऱ्याच्या अंगावरून कळला, आणि तोही स्पर्शातून.

१५ ऑक्टोबर

आज फक्त एका क्रियापदावर थांबले आहे.

मराठीत पाणी हाताला गार लागते. आमटी जिभेला खारट लागते. मांजराला मासळीचा वास लागतो. काटा बोटाला लागतो. स्पर्श, चव, वास आणि इजा, चौघांना आपण एकच क्रियापद देऊन ठेवले आहे. डोळ्याला मात्र ते असे मिळत नाही. झाड मला हिरवे दिसते, ‘लागत’ नाही. डोळा लागतो तेव्हा माणूस झोपलेला असतो, आणि नजर लागते ती दुसऱ्या कुणाला तरी. मी भाषाशास्त्राची अभ्यासक नाही आणि यातून मोठा सिद्धांत काढायचा नाही. पण कवितेसाठी यातून काम करण्याजोगी गोष्ट मिळते. ‘लागले’ हा शब्द एका ओळीत इजेसाठी आणि दुसऱ्या ओळीत चवीसाठी वापरता आला, तर दोन इंद्रियांमधली उडी उपमेशिवाय, ‘जसे’ आणि ‘सारखे’ यांच्याशिवाय घेता येईल.

उपमांची भीती वाटते, त्याचेही कारण आहे. डोळे काढले की इंद्रियांची सरमिसळ करण्याचा मोह फार होतो. कालच्या कागदावर ‘पिवळा वास’ आणि ‘खारट गारवा’ असे दोन शब्दप्रयोग सापडले. पहिल्यात रंग मागच्या दाराने आत शिरला आहे, आणि दुसरा ऐकायला बरा असला तरी असा गारवा मला कधी लागलेला नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शब्दांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांना जिभा फुटतात आणि इंद्रिये आपसात भांडू लागतात. तिथे ती सरमिसळ शोभते, कारण भांडणाला निमित्त आहे आणि प्रत्येक इंद्रिय आपला हक्क सांगायला पुढे येते. माझ्या दोन शब्दांमागे असे काही घडलेले नव्हते. दोन्ही खोडले.

१८ ऑक्टोबर

‘ओठांवर समुद्राची चव’ ही ओळ अजून शिल्लक होती. तिची परीक्षा घरीच घेतली. जवळ्याची चटणी भाकरीबरोबर घेतली आणि पहिला घास नाक घट्ट दाबून खाल्ला. जवळा नाहीसाच झाला. खारट तेवढे कळले, आणि तिखटाची आग. नाक सोडल्याबरोबर जवळा, लसूण, भाजल्याचा खरपूसपणा, सगळे परत आले. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराचसा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो. जिभेला स्वतःची अशी थोडीच अक्षरे येतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शात असते ती रुची. तिखट ही तर आगच आहे. मिरच्या चिरल्यावर ती बोटांनाही कळते, म्हणून तिला स्पर्शातच धरावे.

म्हणजे जिभेला समुद्र कळत नाही, तिला मीठ कळते. ते मीठ समुद्राचे, घामाचे की रक्ताचे, हे ती स्वतःच्या बळावर सांगू शकत नाही. आधी हे मला चवीचे दुबळेपण वाटले. दुपारी लक्षात आले की, कवितेचा शेवट या दुबळेपणातच आहे.

कारण १२ तारखेला घरी आल्यावर जे घडले ते असे. साबणाने दोनदा हात धुतले, वास गेला नाही. आईने आमसुले भिजवून दिली. ती बोटांवर चोळली आणि वास उतरला. आंबट पदार्थातल्या आम्लाने ते हवेत उडणारे अमाइन बांधले जाते, मग ते नाकापर्यंत पोहोचत नाही. मासळीला आपण कोकमाचे आगळ किंवा लिंबू लावतो, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे. पण त्याच क्षणी बोटे चरचरली. बर्फात घुसलेले काटे पाच तासांनी, आमसुलाने दाखवून दिले. वास गेला आणि दुखणे आले, तेही एकाच वस्तूमुळे. मी न कळत बोट तोंडात घातले.

हे इतके दिवस माझ्याजवळ होते आणि मी होड्यांबद्दल लिहीत बसले होते.

२१ ऑक्टोबर

तिसरा खर्डा. एका बैठकीत झाला.

बर्फात हात गेला की
बोटे माझी राहत नाहीत.
अंगठा तेवढा जागा:
मान मोडतो, पोट उकलतो,
शेपटी चिमटून ओढतो.
दाणा निसटतो टोपात.
पुढची.

कुठला काटा कधी शिरला
बर्फाने सांगितले नाही.

आले तेव्हा वास नव्हता,
मिठाची ओल होती नुसती.
बसमध्ये शेजारणीचा दंड
माझ्या दंडापासून सुटला,
तेव्हा कळले, आला आहे.

घरी आमसूल चोळले.
वास उतरला, आणि तिथेच
लागले.
बोट तोंडात धरले:
खारट लागले.
समुद्राचे की माझे,
जिभेने विचारले नाही.

या खर्ड्यात विशेषणे जवळजवळ नाहीत, हे लिहून झाल्यावर ध्यानात आले. दुसऱ्या खर्ड्यात मी ‘उग्र’, ‘गार’, ‘ओला’ अशा शब्दांवर भार टाकला होता. इथे भार क्रियापदांवर आहे: मोडतो, उकलतो, निसटतो, सुटला, उतरला, लागले. मला वाटते, हाताची आणि नाकाची कविता अशीच लिहावी लागते, कारण या इंद्रियांना वस्तू स्थिर अवस्थेत भेटतच नाही, ती काहीतरी होताना भेटते.

बसची ओळ मी तीन वेळा काढली आणि तीन वेळा परत घातली. काढावीशी वाटली, कारण ती धक्क्याबाहेरची आहे. ठेवली, कारण वास तिथेच खरा होतो. ‘मला वास येत होता’ असे लिहिले असते तर नाकाच्या स्वभावाविरुद्ध गेले असते.

२५ ऑक्टोबर

वाचनगटात पुन्हा वाचले. ताईंनी “आता कळलं कुठे बसली आहेस,” एवढेच म्हटले. गटातल्या एका मुलाला शेवटपर्यंत कोळंबी कळली नाही. त्याला वाटले खेकडा आहे. तो शाकाहारी घरातला आहे, पण दोष त्याचा नाही. डोळे काढल्याची किंमत इथे मोजावी लागते. रंग आणि आकार यांनी वस्तूची ओळख झटकन पटते. हाताने आणि नाकाने जवळीक मिळते, पण ओळख पटायला वेळ लागतो, आणि ज्याच्या बोटांना तो अनुभवच नाही त्याला कधी कधी पटतच नाही. आमसूल चोळण्यामागचे कारणही माहीत असणाऱ्यालाच कळणार.

दोन उपाय होते. एक, आत कुठेतरी दिसणारा एक शब्द घालायचा. ‘गुलाबी’ घालून पाहिला. पहिल्या कडव्यात तो शब्द आला आणि वाचणारी व्यक्ती लगेच उठून फळीसमोर उभी राहिली, बसलेली राहिली नाही. काढला. दुसरा उपाय, वस्तूचे नाव सरळ शीर्षकात द्यायचे. तेच केले. शीर्षक ‘धक्का’ होते, ते आता ‘कोळंबी’ आहे. नाव म्हणजे दृश्य नव्हे. नावाने ओळख पटते आणि मग कवितेला जवळ राहायला मोकळीक मिळते.

२ नोव्हेंबर

मावशींना कविता वाचून दाखवली. त्यांच्याच खोलीत, त्या लसूण सोलत असताना. ऐकताना हात थांबले नाहीत. बसच्या ओळीपाशी त्यांनी “हं” म्हटले आणि पुढचे वाच अशी खूण केली.

संपल्यावर म्हणाल्या, “मान नसते तिला. मुंडकं म्हण.”

मी ‘मुंडके’ लिहिले.

“आणि शेपटी चिमटून ओढलीस तर मांस आत तुटून राहतं. मुळाशी दाबायची. दाबली की आपोआप सुटून हातात येते. तू त्या दिवशी चिमटत होतीस, म्हणून तुझा माल तुटका होता.”

त्यांनी लसणीची एक पाकळी माझ्या बोटांत दिली आणि माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून किती दाबायचे ते दाखवले. त्यांचा अंगठा बाहेरच्या कडेला पायाच्या टाचेसारखा राठ आहे, पण टोकाशी मऊ आहे. दाब मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला. पाकळी सालीतून सुटून माझ्या तळहातावर आली.

पाचवी ओळ आता अशी आहे: ‘शेपटी मुळाशी दाबतो, सुटते.’